मंजूर पाच लाख, उचलता येणारे तीन लाख: मंजुरीपत्रातली जी अट आधी वाचायला हवी

कॅश क्रेडिटच्या मंजुरीपत्रात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेली रक्कम आणि दुकानदाराला प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला सही करण्यापूर्वीच समजले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बँकेच्या कर्ज विभागात नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे, सही झाल्यानंतर हा फरक कळलेली अनेक माणसे मी समोरच्या खुर्चीत पाहिली आहेत. गेल्या महिन्यात आमच्या कोपरखैरण्यातल्या एका तरुण किराणा दुकानदाराचे मंजुरीपत्र वाचून देण्याचे काम माझ्याकडे आले, त्यानिमित्ताने हे सविस्तर लिहीत आहे. त्यातले आकडे त्याच्या संमतीने, सोयीसाठी थोडे गोल करून दिले आहेत.

ज्या बँकेने हे कर्ज मंजूर केले तिचे मुख्य कार्यालय गुजरातमध्ये असल्यामुळे पत्र गुजरातीत होते. माझे बालपण नंदुरबार जिल्ह्यात गेल्याने मला गुजराती वाचता येते, म्हणून सगळ्या अटी मी मराठीत उतरवून काढल्या आणि आम्ही दोघे त्या ओळीने वाचत गेलो. मर्यादा पाच लाख रुपये, व्याज द.सा.द.शे. 11, मुदत बारा महिने, त्यानंतर नूतनीकरण, असे सारे वाचून झाल्यावर त्याने विचारले, "काका, पाच लाख मंजूर झाले आहेत, मग ते माझ्या खात्यात कधी जमा होणार?"

ते जमा होत नसतात. कॅश क्रेडिटमध्ये बँक खात्याला एक मर्यादा लावून देते. दुकानदाराने त्या मर्यादेत पैसे उचलायचे, विक्री झाली की भरायचे, पुन्हा उचलायचे, आणि जेवढे पैसे जितके दिवस वापरले तेवढ्यावरच व्याज द्यायचे. मात्र उचल किती करता येईल हे पहिल्या पानावरच्या पाच लाखांवरून ठरत नाही. ते दुसऱ्या पानावरच्या एका अटीवरून ठरते, आणि मराठीत ती अशी होती: "उचल मर्यादा ही पूर्ण किंमत चुकती केलेल्या मालाच्या मूल्यातून पंचवीस टक्के मार्जिन वजा करून, किंवा मंजूर मर्यादा, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी राहील, ग्राहकांकडील उधारी धरली जाणार नाही." या उचल मर्यादेलाच बँकेत सगळे ड्रॉइंग पॉवर किंवा नुसते डीपी म्हणतात.

आम्ही त्याच्या दुकानाचा हिशेब मांडला. खरेदीच्या किमतीने दुकानात 5,60,000 रुपयांचा माल होता. त्यातला 1,60,000 रुपयांचा माल तुर्भ्याच्या दाणा बंदरातल्या आणि मसाला मार्केटमधल्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर आणलेला होता, म्हणजे तो दुकानात असला तरी त्याचे पैसे अजून द्यायचे होते. तो वजा केल्यावर चुकता केलेला माल 4,00,000 रुपयांचा उरतो. त्यातून पंचवीस टक्के, म्हणजे एक लाख, मार्जिन म्हणून गेले की उचल मर्यादा तीन लाख रुपये होते. त्याने मात्र पाच लाख गृहीत धरून दिवाळीच्या खरेदीचे शब्द देऊन ठेवले होते. त्या भरवशावर धनादेश दिले असते, तर तीन लाखांपुढचा धनादेश परत गेला असता आणि दाणा बंदरातली पत पहिल्याच महिन्यात गेली असती.

मार्जिनचा अर्थ त्याला सांगताना मी एवढेच म्हटले की मालाच्या प्रत्येक रुपयात पंचवीस पैसे तुझे असले पाहिजेत, तरच उरलेले पंचाहत्तर पैसे बँक देईल. उधारीच्या मालात त्याचा पैसा अडकलेलाच नसतो, तो व्यापाऱ्याचा असतो, म्हणून बँक तो माल धरत नाही. हे समजले की पुढची गोष्ट आपोआप सुटते. समजा, दिवाळीसाठी त्याने आणखी दोन लाखांचा माल उधारीवर आणला, तर दुकान भरलेले दिसेल, पण साठा 7,60,000 आणि व्यापाऱ्यांचे देणे 3,60,000 झाल्यामुळे चुकता माल चार लाखांचाच राहील आणि उचल मर्यादा तीन लाखांवरून एक रुपयाही वाढणार नाही.

याउलट, हाताशी असलेल्या तीन लाखांच्या उचलीतून त्याने आधी व्यापाऱ्यांचे 1,60,000 रुपये देऊन टाकले आणि उरलेल्या 1,40,000 रुपयांचा माल रोखीने आणला, तर साठा सात लाखांचा होतो आणि तो सगळा चुकता केलेला असतो. त्याचे पंचाहत्तर टक्के 5,25,000 रुपये होतात, आणि दुकानातल्या मालाचे दरमहाचे विवरण, म्हणजे पुढचे साठापत्रक, बँकेला दिल्यावर पाच लाखांची पूर्ण मर्यादा त्याला खुली होते. घाऊक व्यापारी महिनाभराची उधारी सोडून रोखीने घेतल्यास दोन टक्के सूट देत असेल, तर 1,60,000 रुपयांवर 3,200 रुपये वाचतात, आणि तेवढ्याच रकमेचे महिन्याचे व्याज 11 टक्क्यांनी साधारण 1,467 रुपये होते. म्हणून माझे मत असे की किराणा दुकानदाराने कॅश क्रेडिटची पहिली उचल जुनी उधारी फेडण्यासाठी वापरावी. सूट मिळत नसेल तर हा फायदा कमी होतो, पण उचल मर्यादा वाढते ती वाढतेच.

साठापत्रक दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत द्यायचे, ही अट दुकानदारांना कारकुनी वाटते. वास्तविक उचल मर्यादेचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. माल खरेदीच्या किमतीने लिहायचा, छापील विक्री किमतीने नाही. मुदत उलटलेली पाकिटे आणि परत पाठवायचा माल त्यात धरायचा नाही. तीन महिन्यांहून जुन्या साठापत्रकाच्या आधारावर चाललेली उचल रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अनियमित मानली जाते, आणि ही अनियमितता सलग नव्वद दिवस राहिली तर हप्ता चुकलेला नसतानाही खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरते. कर्जदार प्रामाणिक आहे, दुकान चालू आहे आणि कागद न दिल्यामुळे खाते खराब झाले आहे, अशी उदाहरणे पाहून मला नेहमी वाईट वाटत आले आहे, कारण ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी असतात.

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोटाळा ज्या अटीमुळे होतो ती म्हणजे "विक्रीची संपूर्ण रक्कम याच खात्यातून फिरवावी." या दुकानदाराच्या गल्ल्यावर लावलेला क्यूआर कोड दुसऱ्या बँकेतल्या त्याच्या बचत खात्याशी जोडलेला होता आणि निम्म्याहून अधिक विक्री त्यावरून येत होती. दिवाळीपर्यंत त्याने पूर्ण पाच लाख उचलले आणि साठा नऊ लाखांपर्यंत नेला, असे धरू. दिवाळीत माल विकला गेला आणि साठा पाच लाखांवर आला की उचल मर्यादा 3,75,000 होते. त्यामुळे विक्रीतून आलेल्या पैशांतले किमान 1,25,000 रुपये कॅश क्रेडिट खात्यात परत यायलाच हवेत. तेच पैसे बचत खात्यात राहून घराच्या अनामत रकमेला किंवा दुकानाच्या नव्या फ्रीजला गेले, तर माल नाही आणि पैसाही नाही, अशी अवस्था होते. खाते उचल मर्यादेच्या वर सलग नव्वद दिवस राहिले, किंवा नव्वद दिवसांत जमा झालेली रक्कम त्या काळात नावे टाकलेल्या व्याजाइतकीही नसली, तरी ते एनपीए होते. फ्रीजसाठी वेगळे मुदत कर्ज मागावे. खेळत्या भांडवलातून घेतलेली अशी वापराची वस्तू साठ्यात धरली जात नाही, त्यामुळे तिच्यावर खर्च केलेला रुपया फिरून उचल मर्यादेत येत नाही. आम्ही त्याच दिवशी शाखेत जाऊन कॅश क्रेडिट खात्याचा नवा क्यूआर कोड मागवला.

नजरगहाणाची अट वाचून तो घाबरला होता. तिचा अर्थ एवढाच की माल दुकानातच राहतो, रोजच्या व्यवहारात विकता येतो, पण त्यावर बँकेचा हक्क नोंदलेला असतो आणि बँकेचा माणूस केव्हाही तपासणीला येऊ शकतो. विम्याची अट मात्र नीट वाचावी लागते. बरेच जण कर्जाएवढा विमा उतरवतात. साठा नऊ लाखांचा आणि विमा पाच लाखांचा असताना पावसाचे पाणी शिरून 1,80,000 रुपयांचा माल गेला, तर भरपाई त्याच प्रमाणात, म्हणजे एक लाखाच्या आसपास मिळते. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या प्रमाणित पॉलिसीत विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडल्यास ते माफ असते, पण इथली तूट त्याहून खूप मोठी आहे. विमा वर्षातल्या सर्वांत मोठ्या साठ्याएवढा असावा, आणि घरच्या पोटमाळ्यावर माल ठेवत असाल तर तो पत्ताही पॉलिसीत आणि बँकेच्या नोंदीत असावा.

दंडाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये काढलेल्या सूचनांनुसार अट मोडल्याबद्दल बँकेला दंडात्मक शुल्क घेता येते, पण ते व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या शुल्कावर पुढे व्याज लावता येत नाही. त्याच्या पत्रात "दोन टक्के अधिक व्याज" असे जुन्या पद्धतीचे वाक्य होते. ते दुरुस्त करून द्यावे, असा अर्ज आम्ही दिला आणि शाखाधिकाऱ्यांनी तो विनातक्रार स्वीकारला.

जामीनदार म्हणून त्याचे मेहुणे सही करणार होते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक आधी कर्जदाराकडून वसुली करण्यास बांधील नसते. हे मी मेहुण्यांना समोर बसवून सांगितले, कारण "नावापुरती सही" म्हणून त्यांना बोलावले गेले होते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग सही केली.

बँकांकडे माझी एकच मागणी आहे. मंजुरीपत्राच्या शेवटी "सर्व अटी मला समजल्या असून मान्य आहेत" या ओळीखाली सही घेतली जाते. त्या ओळीच्या आधी, कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत, त्याच्याच दुकानाच्या आजच्या साठ्यावरून काढलेली उचल मर्यादा अर्ध्या पानावर मांडून द्यावी. हे आकडे अर्ज तपासताना बँकेने काढलेलेच असतात. तोपर्यंत कर्जदाराने हा हिशेब स्वतः कागदावर मांडून शाखेतून तपासून घ्यावा, करारनाम्याची व सर्व जोडपत्रांची प्रत मागून घ्यावी, आणि दिवाळीनंतर किंवा पावसाळ्यात ज्या महिन्यांत आपला साठा उतरतो त्या महिन्यांत किती रक्कम खात्यात परत भरावी लागेल, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे. या दुकानदाराच्या कागदावर नोव्हेंबरसमोर 1,25,000 हा आकडा आहे.