छेद शून्य झाला की लगेच इन्फिनिट? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "सर, लेख वाचला, पण सोप्या गोष्टीचा उगाच घोळ घातलाय. छेद शून्य होतोय का बघा. अवयव कटला तर रिमूव्हेबल, नाही कटला तर इन्फिनिट. [x] दिसला किंवा तुकड्यांत व्याख्या दिसली की जंप. डावी-उजवी लिमिट काढत बसलं तर सीईटीत पेपर कधी संपणार? आणि f(a) ची किंमत वर्गीकरणात कुठेच वापरली नाहीत, हे तर मला पटलंच नाही."

मूळ लेख फंक्शनच्या x = a पाशी असणाऱ्या असांतत्याच्या प्रकारांवर होता: डावी-उजवी लिमिट सांत आणि समान असतील तर रिमूव्हेबल, सांत पण वेगळ्या असतील तर जंप, आणि एखादी बाजू अनंताकडे गेली तर इन्फिनिट. [x] म्हणजे x पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक. तुमचा नियम एका ठिकाणी चालतो आणि तिथे तो खुशाल वापरा: अंशात आणि छेदात दोन्हीकडे बहुपदी असेल तेव्हा. फक्त अवयव नुसता कटून भागत नाही, छेदातून पूर्ण जावा लागतो. (x − 2)/(x² − 4x + 4) मध्ये x − 2 कटतो, तरी छेदात एक उरतोच. राहतं 1/(x − 2), आणि x = 2 पाशी असांतत्य इन्फिनिट निघतं. एवढी काळजी घेतली की बहुपदींच्या भागाकारात जंपची भीतीच नाही. सगळं कटल्यावर छेद शून्येतर उरला तर a ही किंमत घातल्यावर दोन्ही बाजूंना तीच संख्या मिळते. छेद शून्यच राहिला आणि अंश शून्य नसला, तर दोन्ही बाजूंनी फंक्शन हाताबाहेर जातं. दोन्हीकडे दोन वेगळ्या सांत संख्या येतील असा मार्गच उरत नाही. तुमचे बहुतेक सराव प्रश्न याच जातीचे असणार, म्हणून नियम आजवर दगा देत नसेल.

आता बहुपदी सोडून पुढे जाऊ. हे फंक्शन घ्या:

f(x) = 1/(1 + 2^(1/x)), x = 0 पाशी.

घातांकाच्या छेदात शून्य आलं, कटण्यासारखं काही नाही. तुमच्या नियमाने उत्तर इन्फिनिट. पण एक गोष्ट गणित न करताही दिसते: 2 चा कुठलाही घात धनच असतो, म्हणजे 1 + 2^(1/x) नेहमी 1 पेक्षा मोठं आणि f(x) नेहमी 0 आणि 1 यांच्या मधे. जे फंक्शन 1 च्या वर कधी जातच नाही ते अनंताकडे कसं जाईल? इन्फिनिट हा पर्याय इथेच बाद.

मग काय होतं? उजवीकडून या. x = 0.1 घेतला तर 1/x = 10, 2^10 = 1024, म्हणून f = 1/1025, साधारण 0.001. x आणखी लहान केला की 1/x वाढतो, छेद प्रचंड होतो आणि f शून्याकडे जातं. उजवी लिमिट 0. डावीकडून x = −0.1 घ्या. आता 1/x = −10, 2^(−10) = 1/1024, आणि f = 1024/1025, म्हणजे जवळपास 0.999. इथे 1/x ऋण अनंताकडे जातो, 2 चा घात विरून जातो आणि छेदात फक्त 1 उरतो. डावी लिमिट 1. दोन्ही सांत, दोन्ही वेगळ्या: जंप. सूत्रात ना तुकडे होते ना [x].

घरी कॅल्क्युलेटरवर हे तपासताना एक गंमत होते. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरची मजल 10^100 च्या अलीकडे संपते, आणि 2^1000 ही तर तीनशे दोन अंकी संख्या. त्यामुळे x = 0.001 घातल्यावर तो एरर दाखवतो, आणि विद्यार्थी बिनधास्त "इन्फिनिट" लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात तिथे f ची किंमत शून्याला जवळजवळ चिकटलेली असते. फुटलेली असते ती मधली पायरी. x = −0.001 घालून पाहा, तोच कॅल्क्युलेटर निमूटपणे 1 देतो. एका बाजूला एरर आणि दुसऱ्या बाजूला सरळ संख्या आली की समजावं, हात थांबवून दोन्ही लिमिट कागदावर काढायला हव्यात.

याच फंक्शनवर तुमच्या f(a) च्या आक्षेपाचा निकाल लागतो. f(0) ला 1/2 द्या. जंप तसाच. 1 द्या. आता फंक्शन डावीकडून संतत झालं, पण उजवीकडे अंतर कायम आहे, आणि असांतत्याचा प्रकार जंपच राहिला. लिमिट काढताना x हा a च्या जवळ येतो, a होत नाही. म्हणून त्या एका बिंदूवरची किंमत बदलून कुठलीच लिमिट हलत नाही. f(a) लागते ती एका आधीच्या प्रश्नासाठी: फंक्शन तिथे संतत आहे की नाही? दोन्ही लिमिट सांत आणि समान असतील आणि f(a) तेवढीच असेल, तर असांतत्यच नाही. f(a) वेगळी असेल किंवा दिलेलीच नसेल, तर रिमूव्हेबल. त्यापलीकडे तिचं काम नाही.

[x] दिसला की जंप, हेही तपासून पाहू. g(x) = [x] + [−x], x = 2 पाशी. x दोनच्या किंचित पुढे असेल तर [x] = 2 आणि [−x] = −3, बेरीज −1. किंचित मागे असेल तर [x] = 1 आणि [−x] = −2, बेरीज पुन्हा −1. पण नेमकं x = 2 घातलं तर 2 − 2 = 0. दोन्ही लिमिट −1, किंमत 0: रिमूव्हेबल. [x] चा जंप वर जाणारा, [−x] चा तेवढाच खाली येणारा, आणि बेरजेत दोघांनी एकमेकांना खाल्लं. उलट (x² − 4)/|x − 2| मध्ये अवयव कटल्यासारखा वाटतो, पण x = 2 च्या उजवीकडे x + 2 उरतं आणि डावीकडे −(x + 2). लिमिट 4 आणि −4, म्हणजे जंप.

इन्फिनिटबद्दल एक बारकावा मूळ लेखात मी दोन ओळींत उरकला होता. एकच बाजू अनंताकडे गेली तरी प्रकार इन्फिनिटच. h(x) = 2^(1/x) घ्या. डावी लिमिट 0, अगदी शांत. उजवीकडून मात्र फंक्शन वर सुटतं. इथे फक्त डावी बाजू तपासून कोणी "लिमिट 0, म्हणून रिमूव्हेबल" म्हणालं, तर चूक पकडणार कशी? उजवी बाजू काढूनच.

वेळेचं म्हणाल, तर घाई असेल तेव्हा आधी फक्त इतकं बघा: सूत्रात |x|, [x], 1/x चा घातांक किंवा तुकडे आहेत का? नसतील आणि बहुपदीच असतील, तर तुमचा नियम. असतील तर दोन ओळी जास्त: एक a च्या उजवीकडची, एक डावीकडची.

आणि या तीन खान्यांत सगळं बसतं असंही नाही. sin(1/x) शून्यापाशी −1 ते 1 मधे अखंड हेलकावतं. x = 1/(nπ) या बिंदूंवर ते 0 असतं, x = 2/((4n+1)π) वर 1, आणि n वाढवत नेला की दोन्ही प्रकारचे बिंदू शून्याकडे सरकतात. त्यामुळे उजवी लिमिटच नाही, आणि sin विषम असल्याने डावीही नाही. ते रिमूव्हेबल नाही, जंप नाही, आणि मर्यादित असल्यामुळे इन्फिनिटही नाही. त्याला नुसतं x ने गुणा: x·sin(1/x) हे |x| आणि −|x| यांच्या मधे अडकतं, दोन्ही लिमिट 0 होतात आणि f(0) = 0 ठेवलं की फंक्शन संतत.