फोटोतला बॉक्स प्लॉट आणि 'ब गट फास्ट' हा निष्कर्ष: एका प्रतिक्रियेला उत्तर

या फोटोवरून दोन गटांच्या मिडियनमधला, म्हणजे बरोबर मधल्या माणसाला लागलेल्या वेळेतला, फरक खरा आहे का ते सांगता येत नाही, असं मी म्हटलं होतं. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: "साधी गोष्ट उगाच अवघड करून सांगताय. फोटोत सरळ दिसतंय की ब चा मिडियन अ पेक्षा जवळपास तीन मिनिटांनी खाली आहे, म्हणजे ब गट फास्ट, विषय संपला. अ मध्ये वर दोन आउटलायर आहेत, ब मध्ये एकही नाही. शिवाय ब चा बॉक्स मोठा आहे म्हणजे त्यात लोकही जास्त, मग निकाल अजूनच पक्का. याच्यात 'सांगता येत नाही' म्हणण्यासारखं काय आहे?"

नमस्कार, तुम्ही फोटो नीट बघून लिहिलंय हे दिसतंय, त्यामुळे मी पण आकडे समोर ठेवूनच उत्तर देतो. ज्यांनी फोटो बघितला नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की एकच काम पूर्ण करायला दोन गटांना किती मिनिटं लागली त्याचे दोन उभे बॉक्स आहेत, डावीकडे अ, उजवीकडे ब, उभा अक्ष 0 ते 60 मिनिटांचा, आणि हा छापलेल्या पानाचा मोबाईलने काढलेला फोटो आहे. मूळ डेटा कुणाकडेच नाही.

आधी ती तीन मिनिटं बघू, कारण तुमचा सगळा निकाल त्यावर उभा आहे. फोटो कुठल्याही इमेज एडिटरमधे उघडला की कर्सरखाली पिक्सेलचा आकडा दिसतो, उभ्या दिशेला तो वरून खाली मोजतात. डावीकडच्या अक्षावर 0 ची खूण 1234 वर आहे आणि 60 ची 214 वर, म्हणजे 1020 पिक्सेलमधे 60 मिनिटं, म्हणजे एका मिनिटाला 17 पिक्सेल. अ च्या मिडियनची रेघ 832 वर, ब ची 878 वर. फरक 46 पिक्सेल, 17 ने भागलं की 2.7 मिनिटं, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

पण आता खालची आडवी रेघ बघा, ज्यावर दोन्ही बॉक्सची नावं लिहिलीत ती. छापताना ती सरळ असणार, पण फोटोत अ च्या खाली ती 1240 वर आहे आणि ब च्या खाली 1252 वर. म्हणजे फोन किंचित तिरका धरला गेलाय, दोन बॉक्समधे आडवं अंतर साधारण 600 पिक्सेल आहे त्यामुळे हा तिरकेपणा एका अंशाहून थोडासाच जास्त, नुसत्या डोळ्याला कळणारही नाही, पण त्याने ब चा अख्खा बॉक्स 12 पिक्सेलने म्हणजे 0.7 मिनिटाने खाली सरकलाय. म्हणून प्रत्येक बॉक्स त्याच्या स्वतःच्या पायाखालच्या रेघेपासून मोजायला हवा. अ साठी 1240 वजा 832, म्हणजे 408, म्हणजे 24 मिनिटं. ब साठी 1252 वजा 878, म्हणजे 374, म्हणजे 22 मिनिटं. फरक 2 मिनिटांचा. तुमच्या तीनमधला जवळपास पाऊण मिनिट कागदावर नाहीच, तो फोन धरणाऱ्या हाताचा आहे!

दुसरा धोका म्हणजे फोन वरच्या बाजूला किंवा खालच्या बाजूला झुकलेला असणं, त्यात खालची मिनिटं मोठी आणि वरची छोटी दिसतात किंवा उलटं. ते तपासायला 0 ते 20 चं अंतर आणि 40 ते 60 चं अंतर मोजायचं, इथे 341 आणि 339 आलंय म्हणजे ती भानगड नाही. असती तर एकच 17 चा भाव सगळीकडे लावता आला नसता, प्रत्येक रेघ तिच्या वरच्या आणि खालच्या जवळच्या खुणांच्या मधे बसवून वाचावी लागली असती. आणि हो, मिडियनची रेघ स्वतःच दहाएक पिक्सेल जाड छापलीय, मी तिचा मध्य धरतो, तरी पाव-अर्ध्या मिनिटाची अनिश्चितता राहतेच, त्यामुळे 22 म्हणजे 'बावीसच्या आसपास' असंच वाचा.

याच पद्धतीने बाकीचे आकडे: अ चा बॉक्स 18 ते 30, मधे 24. ब चा बॉक्स 20 ते 34, मधे 22. बॉक्समधून वर-खाली निघणाऱ्या रेघा, म्हणजे व्हिस्कर, अ चे 9 ते 44, ब चे 12 ते 51. तुम्ही म्हणता ते आउटलायर म्हणजे अ च्या वरचे दोन सुटे ठिपके, 50 आणि 57 ला.

आता बॉक्सच्या आकाराचं. बॉक्सची उंची लोकांची संख्या सांगत नाही, कधीच नाही. बॉक्सच्या खालच्या कडेपासून मिडियनपर्यंत त्या गटातले पाव लोक, मिडियनपासून वरच्या कडेपर्यंत पाव लोक, वर पाव, खाली पाव, मग तो तुकडा दोन मिनिटांचा असो की बारा मिनिटांचा. लांब तुकडा म्हणजे तेवढेच लोक जास्त जागेत पसरलेत, विरळ झालेत. आणि हेच ब मधे बघण्यासारखं आहे, कारण 20 ते 22 या दोनच मिनिटांत गटातले पाव लोक दाटीने बसलेत आणि पुढचे पाव लोक 22 पासून पार 34 पर्यंत पसरलेत. अ मधे दोन्ही बाजू सहा-सहा मिनिटांच्या, एकदम समतोल. गटात लोक किती हे काही जण बॉक्सच्या रुंदीने दाखवतात, पण इथे दोन्ही बॉक्स सारखेच रुंद आहेत त्यामुळे तीही मदत नाही.

म्हणून 'ब फास्ट' हे वाक्य मला पटत नाही. मधल्या माणसाकडे बघितलं तर ब दोन मिनिटांनी पुढे आहे, मान्य. पण संथ बाजूला बघा, अ मधे फक्त पाव लोकांना 30 मिनिटांहून जास्त लागलं, ब मधे पाव लोकांना 34 हून जास्त. आणि वेगवान बाजूलासुद्धा अ ची खालची कड 18 आहे, ब ची 20, म्हणजे सगळ्यात चपळ पाव लोक अ चे आहेत! एकाच चित्रात तीन ठिकाणी बघितलं तर एका ठिकाणी ब पुढे, दोन ठिकाणी अ पुढे. कुठला गट चांगला हे तुम्हाला काय हवंय त्यावर ठरेल, काम 30 मिनिटांच्या आत संपायलाच हवं असेल तर मी अ घेईन.

आउटलायरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे फसगत फार होते. हे ठिपके कुणी 'वाईट' म्हणून निवडलेले नाहीत, ते एका नियमाने पडतात, संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांच्या पद्धतीतला नियम. बॉक्सची उंची घ्यायची, तिची दीडपट करायची, ती वरच्या कडेत मिळवायची, ते झालं कुंपण. कुंपणाच्या आतला सगळ्यात लांबचा खराखुरा आकडा जिथे असेल तिथे व्हिस्कर संपतो, कुंपणावर नाही, आणि कुंपणाबाहेरचा प्रत्येक आकडा ठिपका होतो. अ चा बॉक्स 12 चा, दीडपट 18, कुंपण 48 ला. ब चा बॉक्स 14 चा, दीडपट 21, कुंपण 55 ला.

आता गंमत बघा, अ मधे 50 मिनिटं लागलेला माणूस ठिपका झालाय आणि ब मधे 51 मिनिटं लागलेला माणूस मुकाट्याने व्हिस्करच्या टोकाला बसलाय. ब वाला जास्त संथ आहे, तरी आउटलायर अ वाला! ब मधे ठिपके नाहीत याचं एक मोठं कारण म्हणजे ब मुळातच जास्त पसरलेला आहे त्यामुळे त्याचं कुंपण लांब गेलंय. 57 वाला मात्र ब च्या कुंपणाच्याही बाहेर पडला असता, तो खरंच वेगळा आहे. शिवाय गट मोठा असला की ठिपके आपोआप वाढतात, अगदी सरळ घंटेच्या आकाराच्या डेटातसुद्धा हजारात सातेक आकडे या कुंपणाबाहेर जातातच.

हाच नियम वापरलाय कशावरून असं कुणीही विचारेल, कारण काही जण व्हिस्कर सरळ सगळ्यात छोट्या आणि मोठ्या आकड्यापर्यंत नेतात आणि काही जण 5 ते 95 टक्क्यांपर्यंत. पहिल्या प्रकारात ठिपके उरतच नाहीत, इथे आहेत. दुसऱ्या प्रकारात, गट अगदीच छोटा नसेल तर, दोन्ही गटांना वर आणि खाली दोन्हीकडे ठिपके दिसायला हवे होते, इथे तीन टोकं मोकळी आहेत. आणि अ चा व्हिस्कर 44 ला संपून पुढचा ठिपका थेट 50 ला, 48 बरोबर त्यांच्या मधे पडतं. तर दीडपटीचाच नियम असणार, खात्री नाही पण सगळ्या खुणा जुळतात. फोटोत ठिपका म्हणजे कागदावरचा डागही असू शकतो, म्हणून झूम करून बघितलं, दोन्ही एकाच मापाचे आहेत आणि बॉक्सच्या बरोबर मध्यरेषेवर आहेत, डाग एवढा शिस्तीत पडत नाही. एकाच आकड्याचे दोन लोक एकावर एक छापले गेले असतील तर ते मात्र कळणार नाही.

राहिलं 'सांगता येत नाही' हे. ते मी दोन मिनिटांच्या फरकाबद्दल म्हटलं होतं, कारण प्रत्येक गटात किती लोक होते हेच फोटोत नाही, खालचा मजकूर कापला गेलाय. मिडियन कितपत हलू शकतो याचा एक ढोबळ अंदाज आहे, ज्यावरून काही बॉक्सच्या कमरेला खाच काढतात:

```
median ± 1.57 × IQR / √n
```

`IQR` म्हणजे बॉक्सची उंची, `n` म्हणजे गटातले लोक. समजा प्रत्येकी 40 जण होते. अ साठी 1.57 गुणिले 12 भागिले 6.32, म्हणजे साधारण 3, तर 21 ते 27. ब साठी साधारण 3.5, तर 18.5 ते 25.5. हे दोन पट्टे एकमेकांवर एवढे चढलेत की दोन मिनिटांचा फरक नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. आता समजा 900-900 जण होते, तर अ 23.4 ते 24.6 आणि ब 21.3 ते 22.7, पट्टे वेगळे झाले, मग मिडियन खरंच वेगळे आहेत असं मी बिनधास्त म्हणेन. चित्र तेच, बॉक्स तेच, रेघा त्याच, आणि निष्कर्ष दोन. ब एका बाजूला कललेला आहे त्यामुळे त्याच्यासाठी हा अंदाज जरा कच्चाच, पण 40 आणि 900 मधला फरक दाखवायला पुरेसा आहे.

ते पान तुमच्या हाताशी असेल तर आकृतीच्या खालच्या ओळीत किंवा गटांच्या नावाशेजारी `n =` असं काही छापलंय का तेवढं बघून कळवा, आणि जमल्यास पुन्हा एक फोटो काढा, पान सपाट ठेवून, फोन बरोबर वरून धरून, आकृतीच्या चारही कडा आणि खालचा मजकूर आत येईल असा. ते आकडे मिळाले की दोन्ही पट्टे काढून इथेच खाली टाकतो.