पावतीपुस्तक आणि पाण्याचे सर्वेक्षण

गणेशोत्सव जवळ आला की मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन आमच्या दारात उभे राहतात आणि त्यांतला पुढारी अत्यंत प्रेमळ स्वरात म्हणतो, "काका, यंदा तुमच्या नावाने ५,००१ ची पावती फाडतो." मी हबकून नकार देतो. त्याचा चेहरा पडतो आणि तो लगेच विचारतो, "बरं, मग ५०१ तरी?" एरवी या रकमेनेही माझ्या कपाळाला आठ्या पडल्या असत्या, पण समोरच्याने एवढी माघार घेतल्यावर आपण जागचे न हलणे असभ्यपणाचे वाटते आणि पाकीट बाहेर येते.

रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच घडले होते. बालगुन्हेगारांच्या मार्गदर्शनासाठी आठवड्याला दोन तास, तेही किमान दोन वर्षे विनामूल्य द्याल का, असे विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा एकही तयार झाला नाही. मात्र लगेच, मग एकदाच दोन तास अशा मुलांना प्राणिसंग्रहालयात न्याल का, असे विचारताच निम्मे तयार झाले. थेट प्राणिसंग्रहालयाचेच विचारलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के राजी झाले होते. मात्र दुसरी मागणी वेगळ्याच माणसाने केली की सगळी जादू ओसरत असे, कारण माघार घेणारा तो नव्हताच. म्हणून हल्ली मी पहिल्या आकड्यानंतर "उद्या या" एवढेच म्हणतो. रात्रभरात माघार शिळी होते.

हे अस्त्र पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या विक्रेत्यांपुढे मात्र बोथट ठरते. त्यांच्याकडून आधी एक नम्र मुलगा येतो, काही विकायचे नाही अशी शपथ घेतो आणि घरात माणसे किती, पाणी उकळता का, एवढेच विचारून जातो. पुढच्या रविवारी यंत्र घेऊन येणारा गृहस्थ वेगळाच असतो आणि तरीही आपण त्याला थेट स्वयंपाकघरात नेतो. फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्या रहिवाशांकडून सुरक्षित वाहनचालनाची चिमुकली पाटी लावून घेतली होती, त्यांच्याकडे दोन आठवड्यांनी निराळाच माणूस जाऊन अंगणात भलामोठा कुरूप फलक रोवू द्या म्हणाला, तर ७६ टक्के लोक तयार झाले. आधी काहीच न मागितलेल्यांपैकी २० टक्केही झाले नाहीत. मधल्या काळात 'आपण सहकार्य करणारी माणसे आहोत' ही समजूत मनात मुरलेली असते, आणि तिला विचारणारा कोण याच्याशी कर्तव्य नसते.

पहिल्या उपकाराचा मोबदला मिळाला तर ही समजूत नीट रुजत नाही, कारण मग आपण सहकार्यासाठी नव्हे तर मोबदल्यासाठी बोललो, असे आपल्यालाच वाटते. त्यामुळे सर्वेक्षणवाल्या मुलाकडून मी आधी त्याच्या खिशातले पेन मागून घेतले आणि मगच उत्तरे दिली. रविवारी त्याचे साहेब यंत्र घेऊन आले, दारातच थांबले आणि विक्रीचा विषय काढण्यापूर्वी म्हणाले, "काका, ते पेन कंपनीचं आहे."