ज्याला जो शब्द लागला

“दादा, मंडळाच्या दिवाळी अंकातल्या माझ्या लेखात ‘क्विअर’ शब्द आलाय. संपादक काका म्हणतात, ही इंग्रजीतली शिवी आहे, काढून टाक. खरंच शिवी आहे का? आणि असेल तर लोक स्वतःलाच ती का म्हणवून घेतात?”

बडोद्याहून मावसबहिणीचा हा मेसेज आला तेव्हा मी मँचेस्टरमध्ये शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. हा शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेला, समलिंगी, एकटा राहणारा. मेसेजचा अर्थ त्याला सांगितला. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “तुझ्या काकांना सांग, माझ्या घरात तो शब्द चालत नाही.”

तेव्हा काकांचं बरोबर आहे, पण अर्धंच.

‘क्विअर’चा मूळ अर्थ विचित्र, काहीतरी बिघडलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो समलिंगी पुरुषांना हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. माझा शेजारी वयात आला तेव्हा तो सर्रास शिवी होता. १९६७ साली इंग्लंड-वेल्समध्ये कायदा बदलला, पण एकवीस वर्षांवरच्या दोघा पुरुषांपुरता आणि तोही चार भिंतींच्या आत. घरात तिसरं माणूस असलं तरी ते ‘खासगी’ उरत नसे. रस्त्यावर तर काहीच बदललं नव्हतं. पोरं टोळीनं निघायची, एकट्यादुकट्याला गाठून बडवायची, आणि त्या मारहाणीला नावच होतं: क्विअर-बॅशिंग. शेजाऱ्याच्या डाव्या भुवईत एक बारीक फट आहे, तिथे केस उगवत नाहीत. ती खूण अशाच एका मारहाणीच्या रात्रीची. त्याच्या लेखी ‘गे’ हा शब्द म्हणजे आसरा. मोठ्या कष्टाने मिळवलेला, हसरा, स्वतः निवडलेला.

आता माझ्या ऑफिसातली मुलगी घ्या. वय सव्वीस. तिच्या बॅगेवर ‘क्विअर’ लिहिलेला बिल्ला असतो. तिला विचारलं, ‘गे’ का नाही म्हणत? तर म्हणाली, शाळेत तोच शब्द शिवी होता. बूट आवडले नाहीत, गृहपाठ कंटाळवाणा निघाला, की पोरं म्हणायची, किती ‘गे’ आहे हे! ‘क्विअर’ म्हणून तिला कुणी कधी हाकच मारली नव्हती. म्हणजे म्हाताऱ्याचा आसरा तो हिचा मार, आणि त्याचा मार तो हिचा बिल्ला. हे ध्यानात आलं तेव्हा मला बराचसा उलगडा झाला. शब्दाचा अर्थ कोशात काय दिलाय यापेक्षा तो शाळेच्या मैदानात तुमच्या अंगावर कोणत्या साली आला, यावर सगळं ठरतं.

अर्थात तिच्या बिल्ल्याचं श्रेय तिच्या पिढीचं नाही. १९९०च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये ‘क्विअर नेशन’ नावाचा गट उभा राहिला. एड्सनं मित्र मरत होते, सरकार ढिम्म होतं, रस्त्यावरचे हल्ले वाढले होते. त्या जूनच्या प्राइड मोर्चात एक पत्रक वाटलं गेलं. त्यातला मुद्दा साधारण असा: ‘गे’ शब्दाचं आपल्याला वावडं नाही, पण सकाळी संतापानं जाग येते तेव्हा आपण काही ‘गे’च्या मूळ अर्थानं ‘आनंदी’ नसतो. हा खरबरीत शब्द शत्रूच्या हातातून चोरून त्याच्यावरच उगारता येतो. म्हणजे तो शब्द धुऊन स्वच्छ करायचा त्यांचा विचारच नव्हता. त्यातली धार त्यांना हवी होती. पुढे विद्यापीठांनी तो उचलला, मग कंपन्यांनी, आणि धार बोथट झाली. माझा शेजारी कुरकुरतो तो यावरही: “मला ज्याने मारलं तो शब्द आता बँकेच्या जाहिरातीत गुलाबी रंगात येतो.”

घरच्या व्हिडिओ कॉलवर हा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले, “म्हणजे आपल्या ‘दलित’ शब्दासारखंच की.” मामांचं वाचन दांडगं, पण इथे त्यांचा नेम थोडा चुकला. ‘दलित’ ही कुणी दिलेली शिवी नव्हती. दिलेल्या शिव्या आणि वरून चिकटवलेलं ‘हरिजन’ बाजूला सारून तो शब्द चळवळीनं आपला म्हणून वापरला. १९७२ साली पँथरनं तो नावातच घेतला. मामांना हे पटलं की नाही, कळलं नाही. मावशीला ‘क्विअर’ म्हणजे बँकेत काढतात ती ‘क्वेरी’ वाटली होती. समजावल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मला दांडिया बाजारच्या वाड्यात वांझ म्हणायच्या. तो शब्द मी कशाला मिरवू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याहून जवळचं उदाहरण आपल्या भाषेतच आहे. गणेशचा ‘गण्या’ कोण करतं? लंगोटीयार. तोच ‘गण्या’ नव्या साहेबाच्या तोंडून आला तर मस्तकात जातो. तो ‘या’ प्रत्यय जवळच्याच्या तोंडी माया, परक्याच्या तोंडी तुच्छता: लंगड्या, काण्या, बायल्या.

हा शेवटचा माझा. गणपतीत लेझीमच्या रांगेत माझा हात जरा जास्त वळला, मागून कुणीतरी हाक मारली, आणि पुढची पाच वर्षं ते माझं नाव होतं. मास्तरही हसले होते. म्हणून ‘क्विअर’ म्हणताना माझी जीभ अडत नाही. तो मला कुणी फेकून मारलेला नाही, विमानातून उतरल्यावर तयार मिळाला. मराठीत तो परत मिळवलेला शब्द नाहीच, आयात केलेला आहे, आणि तोही इंग्रजी शिकलेल्यांनी. मुंबईचा ‘क्विअर आझादी’ मोर्चा २००८ साली निघाला तेव्हा त्या नावानं किती आयांना ठेच लागली असेल? ‘बायल्या आझादी’ म्हटलं असतं तर कळलं असतं. ते म्हणण्याची हिंमत माझ्यात आजही नाही. काही मित्र आपापसात हसत म्हणतात; मी हसतो, पण मागे वळून बघतो.

तर तुझ्या लेखाचं. काकांनी सुचवलेला ‘समलिंगी’ तिथे बसणार नाही, कारण तुझ्या लेखातली एक व्यक्ती ट्रान्स आहे आणि दुसरीला पुरुष-स्त्री दोन्ही आवडतात; आजच्या ‘क्विअर’मध्ये हे सगळे मावतात. त्यांनी स्वतः ‘क्विअर’ म्हटलं असेल तर तो शब्द त्यांचा, काढायचा अधिकार तुलाही नाही. पण दुसऱ्या पानावर तू ज्या साठीतल्या गृहस्थांबद्दल लिहिलंस, त्यांनी हा शब्द वापरलेला दिसत नाही. तिथे त्यांना विचार. आणि ‘क्विअरांचे प्रश्न’ हे शीर्षक बदल, ‘क्विअर माणसांचे’ कर. विशेषण असेपर्यंत शब्द सोसवतो. त्याचं नाम केलं की माणूस जातो आणि शिक्का उरतो. शेजाऱ्याला मारणाऱ्या पोरांनीही नामच वापरलं होतं.

हे सगळं त्याला वाचून दाखवलं, जमेल तसं इंग्रजी करून. तो म्हणाला, ठीक आहे, पण माझ्याबद्दल लिहितोस तिथे ‘गे’ लिही. मी ‘समलिंगी’ लिहिलंय. मराठीत ‘गे’ म्हणजे काय, हे त्याला अजून सांगायचं आहे.