खेळण्याचा आवाज मोजायचा तर मुलाच्या कानापाशी मोजा

आवाज करणारी खेळणी तपासतात तेव्हा आवाज मोजायचा मायक्रोफोन बहुतेक वेळा खेळण्यापासून 50 सेंटीमीटरवर असतो. अमेरिकेच्या खेळणी-मानकात हातात धरायच्या खेळण्याला सलग आवाजाची मर्यादा त्या अंतरावर 85 डेसिबल आहे. पण दीड वर्षाच्या मुलाचा हात तरी 50 सेंटीमीटर असतो का? बटण दाबलं, गाणं वाजलं की ते मूल खेळणं उचलून थेट गालाला लावतं.

अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो. म्हणजे 50 वर 85, तर 25 वर 91 आणि साडेबारा सेंटीमीटरवर 97. आता दुसरा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी सुचवलेली ऐकण्याची मर्यादा आठवड्याला 40 तास आहे, तीही 75 डेसिबलला. वरच्या प्रत्येक 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 97 पर्यंत पोचेस्तोवर 40 तासांची जेमतेम 15 मिनिटं उरतात, आणि तीही अख्ख्या आठवड्याची! ही मर्यादा खरं तर हेडफोनसारख्या उपकरणांसाठी आहे, पण खेळणं गालाला लावलं की कानाला त्यात काय फरक कळणार? खेळणं तपासणीत पास झालेलं असतं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. आवाज कानापाशी किती भरतो, ते खोक्यावर छापलंच पाहिजे.

मुलांच्या हेडफोनवर '85 डेसिबलपर्यंत मर्यादित' लिहिलेलं असतं. पण 85 हा आकडा आला कारखान्यातल्या प्रौढ कामगारांच्या आठ तासांच्या पाळीवरून. मुलांच्या वरच्या हिशेबात 85 ला आठवड्याचे चार तासच बसतात. रोज तासभर कार्टून पाहिलं तरी ते संपतात. शिवाय गाडीत, गर्दीत बाहेरचा गोंगाट झाकायला मूल आवाज वाढवत जातं. म्हणून लहानग्यांना हेडफोन देऊच नयेत, या मताची मी आहे. कार्टून खोलीतल्या स्पीकरवर लावा, आणि हातभर अंतरावरून साध्या आवाजातलं आपलं बोलणं मुलाला ऐकू येईल इतकंच ठेवा.

खेळण्याच्या स्पीकरच्या जाळीवर पॅकिंगची जाड चिकटपट्टी लावली की आवाज चांगलाच दबतो. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप अगदी अचूक नसतं, पण चिकटपट्टीआधी आणि नंतर, मूल धरतं तितक्याच अंतरावरून मोजलं तर फरक कळतो. (चिकटपट्टी मुलाच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा.)

कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मोठ्या आवाजानं एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे मूल हाकेला ओ देतं, पण 'स', 'श', 'फ' गाळतं किंवा चुकवतं. टीव्हीचा आवाज वाढवून मागतं, मागून बोललेलं त्याला कळत नाही, कानात शिट्टी वाजते म्हणतं. असं काही दिसलं तर 'लक्षच देत नाही' म्हणून रागावण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून तपासून घ्या. अगदी तान्ह्या बाळाचीही श्रवणचाचणी करता येते.