काळी पट्टी म्हणजे ‘मरायला सोडलं’ का?

फिरणारा मेसेज: “बस उलटली, १०८ वाले आले. श्वास थांबलेल्या माणसाला सीपीआर न देता काळी पट्टी बांधून पुढे गेले!”

पट्टी बांधण्याआधी त्याची मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा केला जातो. तेवढ्यानं श्वास सुरू झाला तर पट्टी लाल, म्हणजे पहिला नंबर. नाही झाला तरच काळी, म्हणजे आत्ता त्याच्यापाशी न थांबता पुढच्याकडे जायचं. मोठ्या अपघातात आधी कोणाकडे बघायचं हे ठरवून तशा रंगाची पट्टी बांधण्याच्या ‘स्टार्ट’ पद्धतीचा हा क्रम आहे.

समजा, जखमी वीस आणि कर्मचारी दोन. सीपीआरला एक जण गुंतला की तो तिथेच अडकतो, आणि गंभीर मार लागून हृदय थांबलेला माणूस त्यानं क्वचितच परततो. तेवढ्या वेळात शेजारी मांडीतून भळभळ रक्त जाणारी बाई दगावते. तिला घट्ट पट्टा आवळायला मिनिटभर पुरतं. एरवी, जखमी एकच असेल, तर हेच कर्मचारी त्याच माणसासाठी झटतात. नियम माणसाची किंमत ठरवत नाही, हातांची संख्या मोजतो. म्हणूनच वय, ओळख, आरडाओरडा यांना त्यात जागा नाही.

पट्टी कायमची नसते. मदत वाढली की पुन्हा तपासणी होते. बघणाऱ्याला ते क्रूर वाटतं, हे मात्र खरं.