एकच मेल, पण कोणाकडून कोणाला?

यादीतल्या सर्वांना जाणारा मेलही एका माणसाने दुसऱ्याला लिहिल्यासारखा वाटावा आणि त्याची विषयओळ साधी असावी, असे मी सुचवले होते. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: «शेकडो लोकांना एकच मेल पाठवायचा आणि तो एकालाच लिहिल्याचे भासवायचे, ही चक्क फसवणूक आहे. शिवाय असल्या साध्या विषयओळीने मेल उघडतो कोण?»

आपल्या पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण तो ज्याला लागू पडतो ते काम मी सुचवलेले नाही. आधी बोलणेच झालेले नसताना विषयओळीत ‘Re:’ घालणे ही फसवणूकच, आणि दिशाभूल करणाऱ्या विषयओळींना अमेरिकेच्या 2003 च्या कायद्यातही मनाई आहे. मला अभिप्रेत आहे ते इतकेच की, लिहिणारा खरा असावा आणि पहिले वाक्य ज्याला जाते त्याच्याबाबत ते खरे असावे.

दिवाळी अंकाच्या नोंदणीचा मेल घेऊ. ‘दिवाळी अंक नोंदणी सुरू! आजच लाभ घ्या!!’ ही विषयओळ आणि ‘आमच्या सर्व सुजाण वाचकांना कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की’ ही सुरुवात कोणालाही पाठवता येते, म्हणूनच ती कोणालाच उद्देशून वाटत नाही. त्याऐवजी गेल्या वर्षी टपालाने अंक मागवणाऱ्यांची यादी वेगळी काढावी आणि फक्त त्यांनाच असे लिहावे:

विषय: दिवाळी अंक जुन्याच पत्त्यावर पाठवू का?

‘गेल्या वर्षी आपण अंक टपालाने मागवला होता. यंदाही हवा असल्यास पत्ता तोच आहे का, एवढे या मेलला उत्तर देऊन कळवावे.’

किंमत आणि मुदत त्याखाली, आणि शेवटी संपादकाचे नाव. जे कधीच ग्राहक नव्हते त्यांना हा मजकूर खोटा ठरेल, म्हणून त्यांच्यासाठी निराळा मेल लिहावा लागतो. खरी मेहनत शब्दांत नसून या विभागणीत आहे. उत्तरे वाचायला कोणी बसणार नसेल, तर मात्र प्रश्न विचारूच नये.

नाव घातले की मेल आपोआप आपुलकीचा होतो, हा समज मला मान्य नाही. नोंदणी अर्जातील नाव जसेच्या तसे उचलले की ‘नमस्कार SUNITA,’ अशी सुरुवात होते आणि यादीचे बिंग पहिल्याच ओळीत फुटते. तसेच पत्रपेटीत विषयाशेजारी मजकुराचे पहिले शब्द दिसतात. तिथे ‘मेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’ असे आले, तर विषयओळीवर घेतलेले कष्ट वाया जातात. (हे वाक्य काढायला कोणी तयार होत नाही, हा माझा नेहमीचा वाद.)

आता मेल उघडण्याविषयी. अॅपलच्या मेल अॅपमध्ये 2021 पासून असलेली गोपनीयतेची सोय चालू असेल, तर वाचकाने मेल उघडला नसला तरी त्यातील चित्रे आधीच उतरवली जातात, आणि मेल उघडल्याची मोजणी सहसा चित्र उतरवले गेले का यावरूनच होते, त्यामुळे ‘किती जणांनी उघडला’ हा आकडा फुगलेला असू शकतो. उद्गारचिन्हांच्या विषयओळीची बाजू त्या आकड्यावरून मांडता येणार नाही. दोन्ही नमुने ग्राहकांच्या निम्म्या-निम्म्या यादीला एकाच दिवशी पाठवून नोंदण्या मोजाव्यात, आणि ‘पत्ता बदलला आहे’ अशी किती उत्तरे आली तेही पाहावे.